अखाजीला माहेरी गेले, गोळी घरीच ठेवली

"डॉक्टरसाहेब, मी पारोळा तालुक्यातली. वय ३६, घरी शेती, दोन मुलं. दिवाळीपासून माझं कशातच मन लागत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची, उगाच रडू यायचं, भाजीत मीठ टाकलं की नाही तेही आठवायचं नाही. धाकट्याच्या बाळंतपणानंतरही असंच झालं होतं, तेव्हा औषध घेतलं नाही, सात-आठ महिन्यांनी आपोआप गेलं. या वेळी संक्रांतीनंतर जळगावच्या डॉक्टरांनी डिप्रेशनवरची एसिटालोप्रॅम आठ दिवस ५ मिलिग्रॅम आणि मग १० मिलिग्रॅम सुरू केली. आधी मळमळ फार झाली, तीन आठवडे फरक काहीच नाही. होळीपर्यंत मात्र पुष्कळ सावरले. अखाजीला माहेरी गेले तेव्हा वहिनीच्या नजरेला पडू नये म्हणून पाकीट घरीच ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, रात्री विचित्र स्वप्नं. सगळे म्हणाले ऊन लागलं. पन्हं प्यायले, कांदा लावला, उपयोग नाही. आता घरी परतले आहे, गोळी बंद होऊन अकरा दिवस झाले. सासूबाई म्हणतात, 'येडास्नी गोयी शे ती, सवय लागी जाई, आते बंद करी टाक.' मला सवय लागली का? आजार परत आला का? बरी आहे तर कायमचीच सोडून देऊ का?"

ताई, बाकीचं सावकाश बोलू, आधी आजचं काम. जळगावच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि दोनच गोष्टी सांगा: कोणत्या तारखेपासून गोळी बंद आहे आणि त्यानंतर काय काय होतंय. एवढ्यावरून ते पुन्हा कशी सुरू करायची ते सांगू शकतात. आठ-दहा दिवसांचा खंड पडला असेल तर बरेच डॉक्टर थेट जुन्याच डोसवर आणतात, काही जण दोन-चार दिवस ५ वर ठेवून मग १० करतात. चुकलेल्या अकरा गोळ्या भरून काढायच्या नसतात. एका दिवशी दोन गोळ्या घेऊन तर मुळीच नाही. आणि फोन करायच्या आधी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे फक्त एसिटालोप्रॅम लिहिलंय, की सोबत क्लोनाझेपामही आहे? आपल्याकडे या दोन औषधांची एकत्र गोळी फार चालते. क्लोनाझेपाम हे झोपेचं, घबराट कमी करणारं वेगळ्या जातीचं औषध आहे. त्याची खरोखर सवय लागते आणि ते काही महिने रोज घेऊन एकदम सोडलं तर फिटचे झटकेसुद्धा येऊ शकतात. तुमच्या पाकिटावर ते नाव असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

तुमच्या पत्रात फक्त एसिटालोप्रॅमचा उल्लेख आहे, म्हणून पुढे तेवढंच धरून लिहितो.

उन्हाचा संशय येणं साहजिक होतं. अखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४२-४४ वर असतो आणि चक्कर, मळमळ, डोकं जड होणं ही उन्हाचीही लक्षणं आहेत. पण ऊन लागलं असतं तर सावलीत पडून, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घेऊन एका-दोन दिवसांत उतार पडला असता. आणि उष्माघात म्हणावा तर अंग तापलं असतं, बोलणं भरकटलं असतं, दवाखान्यात न्यावं लागलं असतं. तुमच्या बाबतीत ओळख पटवणारी खूण दुसरीच आहे. मान किंवा डोळे वळवले की क्षणभर डोक्यातून करंट गेल्यासारखं होणं उन्हानं होत नाही. डिप्रेशननंही सहसा होत नाही. या वर्गातलं औषध अचानक थांबलं की ते होतं, आणि रुग्ण तुम्ही वापरलेल्या याच शब्दांत ते सांगतात. त्याला जोडून येणारी चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं, चिडचिड, डोळ्यांत विनाकारण पाणी, कधी सर्दी-तापासारखं अंग मोडून येणं, हे सगळं त्याच एका चित्रातलं आहे.

आता आजार परत आला का, हा प्रश्न. इथे तारखाच उत्तर देतात. तुम्हाला तिसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला. औषध थांबल्याचा त्रास असाच दोन ते चार दिवसांत उगवतो. डिप्रेशन मात्र तीन दिवसांत परतत नाही. त्याला काही आठवडे, कित्येकदा काही महिने लागतात, आणि ते येतं ते स्वतःच्या जुन्या रूपात. तुमच्या बाबतीत ते रूप म्हणजे पहाटे तीनची जाग आणि कशातच मन न लागणं. करंट आणि भोवळ हे तुमच्या आजारात आधी कधीच नव्हतं, म्हणून हे नवं प्रकरण आहे. तिसरी खूण गोळी परत सुरू केल्यावर दिसेल. औषध थांबल्याचा त्रास असेल तर गोळी सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांत बराचसा ओसरतो. आजार परतला असता तर उतार पडायला पुन्हा तेच तीन-चार आठवडे लागले असते. यातला फरक न ओळखल्यामुळे दोन उलट्या गोष्टी घडतात. काही जण "गोळीशिवाय मी जगूच शकत नाही" असं मानून वर्षानुवर्षं घेत राहतात, आणि काही जण "गोळीनंच हे केलं" म्हणून गरज असतानाही तिला हात लावत नाहीत.

हा त्रास प्रत्येकाला होतो असं नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, गोळी थांबवणाऱ्या साधारण सहा-सात जणांपैकी एकाला खुद्द औषध थांबल्यामुळे त्रास होतो आणि ३५ जणांपैकी एकाला तो तीव्र असतो, असं दिसलं. बहुतेकांचा आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतो, थोड्यांचा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. तो कोणाचा रेंगाळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच हळूहळू उतरवायला सांगतात.

असं का होतं ते सांगतो, म्हणजे सासूबाईंच्या "सवय" या शब्दाचाही निकाल लागेल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतात. एसिटालोप्रॅम हे परत ओढणं अडवतं. त्यामुळे दोन पेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. हे पहिल्या गोळीपासून, काही तासांतच सुरू होतं. पण मेंदू गप्प बसत नाही. एवढं सेरोटोनिन सतत आहे म्हटल्यावर तो आठवड्यांमागून आठवडे स्वतःची रचना त्याप्रमाणे जुळवून घेतो. बरं वाटणं बहुधा या जुळवून घेण्यातूनच येतं, म्हणून ते उशिरा येतं. आणि गोळी अचानक थांबली की औषध चार-सहा दिवसांत अंगातून निघून जातं, पण जुळवलेली रचना एवढ्यात मागे येत नाही. विहिरीतून भरलेली बादली ओढताना दोर एकदम हातातून सुटला तर ओढणारा माणूस मागच्या मागे पडतो, तशी ही भोवळ आहे. दोर धरून बादली हळूहळू खाली सोडली तर कोणी पडत नाही.

व्यसन म्हणतात ते वेगळं. व्यसनात माणसाला त्या पदार्थाची ओढ लागते, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवत न्यावी लागते, त्यापायी घर-कामधंदा बाजूला पडतो. तुम्ही अकरा दिवस गोळीशिवाय राहिलात, तुम्हाला ती हवीहवीशी वाटली का? तुमच्या पत्रात तसं अवाक्षर नाही, उलट ती सोडायची घाई आहे. जानेवारीपासून डोस १० चा १० च आहे. तेव्हा व्यसन लागलेलं नाही. शरीर मात्र तिच्याशी जुळलं आहे, हे सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्याच कारणानं त्यांचा "आते बंद करी टाक" हा सल्ला चुकतो. शरीर जुळलं आहे म्हणूनच ती एकदम टाकायची नाही.

किती जोराचा धक्का बसेल हे औषध अंगातून किती लवकर निघून जातं यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्या एसिटालोप्रॅमचं अंगातलं प्रमाण साधारण तीस तासांत निम्मं होतं, म्हणून तिसरा दिवस. याच वर्गातली सर्ट्रालीन जवळपास तशीच. पॅरोक्सेटीन लवकर उतरते, तिच्या बाबतीत एखाद-दुसरी गोळी चुकली तरी काहींना जाणवतं. व्हेनलाफॅक्सीन आणि तिची बहीण डेसव्हेनलाफॅक्सीन या सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रेनॅलिनवरही काम करतात आणि अंगातून फार भरभर जातात. रात्रीची गोळी राहिली तर दुसऱ्या दुपारी भोवळ, असं त्यांचे रुग्ण सांगतात. ड्युलोक्सेटीनही याच गटातली, ती मधुमेहात पायाची आग होते त्यासाठीही देतात, त्यामुळे ती घेणाऱ्या कित्येकांना हे डिप्रेशनचं औषध आहे हेच ठाऊक नसतं. तीच गोष्ट अॅमिट्रिप्टिलीनची. ती जुन्या पिढीतली, आता बहुतेक वेळा कमी डोसमध्ये डोकेदुखीला किंवा नसांच्या दुखण्याला लिहिली जाते. या सगळ्यांत वेगळी ती फ्लुओक्सेटीन. तिचे अवशेष आठवडेच्या आठवडे अंगात राहतात, त्यामुळे ती आपोआपच सावकाश उतरते आणि धक्का क्वचित बसतो. पण शेजारीण फ्लुओक्सेटीन एका दिवसात सोडून मोकळी झाली म्हणून आपण व्हेनलाफॅक्सीन तशी सोडू नये.

आता तुमचे पहिले तीन आठवडे. तुम्ही ते काढलेत हे महत्त्वाचं आहे, कारण याच टप्प्यावर बरीच माणसं पाकीट कोनाड्यात टाकतात. या गोळ्यांचा हिशोब उलटा असतो: त्रास पहिल्या दिवसापासून, फायदा नंतर. मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, जास्त घाम, हातपाय अस्वस्थ, झोप उडणं किंवा उलट दिवसा पेंग, हे सगळं पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. पोटातही सेरोटोनिनवर चालणाऱ्या पेशी भरपूर आहेत, म्हणून पहिला फटका पोटाला. तुमच्या डॉक्टरांनी आठ दिवस ५ दिली ती याचसाठी. आता पुन्हा सुरू करताना थोडी मळमळ परत जाणवली तर घाबरू नका, जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळच्या न्याहारीनंतर, पेंग येत असेल तर रात्री. भाकरी, आंबट, तेलकट, दूध, यांचं काहीच पथ्य नाही.

फायदा कसा उगवतो तेही पाहा. पहिल्यांदा झोप आणि भूक सुधारते, एक-दोन आठवड्यांत. मग घरच्यांच्या लक्षात येतं की ही आता बोलायला लागली, डोकं विंचरून बसते. आतून बरं वाटणं सगळ्यात शेवटी येतं, चौथ्या ते आठव्या आठवड्यात. म्हणून स्वतःला विचारण्यापेक्षा घरातल्या एखाद्याला विचारलेलं बरं. पुऱ्या डोसवर चार आठवडे होऊनही जराही फरक नसेल तर डॉक्टरांनी डोस वाढवावा किंवा औषध बदलावं, नुसतं "बघू" म्हणत महिने घालवू नयेत. तुम्हाला होळीपर्यंत, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यात फरक पडला. औषधानं वेळेवर काम केलं.

एक त्रास मात्र आपोआप जाईलच असा नसतो आणि बायका तो डॉक्टरांपुढे उच्चारतही नाहीत: नवरा-बायकोच्या संबंधांतली इच्छा कमी होणं, सुख उशिरा मिळणं किंवा न मिळणं. पुरुषांतही होतं. हे गोळीमुळे आहे, तुमच्यात किंवा नात्यात खोट आली म्हणून नाही. डोस कमी करून किंवा औषध बदलून त्यावर उपाय निघतो, पण त्यासाठी ते सांगावं लागतं. तोंडानं बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. न सांगता गुपचूप गोळी सोडणाऱ्यांमध्ये हे कारण फार वेळा सापडतं.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागातल्या राहणीमुळे मुद्दाम सांगतो. कापूस वेचून, निंदणी करून कंबर धरली की मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणायची, ही घरोघरची रीत. ती बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असते. एसिटालोप्रॅमसोबत त्या वरचेवर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं तर ती त्याची खूण आहे, लगेच दवाखाना गाठा. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या. ट्रॅमाडॉल असलेली गोळी तर विचारल्याशिवाय नकोच. ती आणि ही मिळून सेरोटोनिन नको इतकं वाढू शकतं, मग कापरं भरतं, घाम फुटतो, ताप चढतो.

दुसरी गोष्ट तुमच्यापेक्षा घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांसाठी. त्यांना या गोळीमुळे रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. त्यात उन्हाळ्यात घाम जातो आणि वर नुसतं पाणी ढोसलं जातं. म्हातारं माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तोल जाऊ लागला, गुंगीत राहू लागलं तर त्याला "वय झालं" किंवा "ऊन बाधलं" म्हणू नका, रक्तातलं सोडियम तपासून घ्या. साधी तपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

आता सोडायचं कधी आणि कसं. बरं वाटलेल्या दिवसापासून मोजायचं, गोळी सुरू केलेल्या दिवसापासून नाही. पहिलंच डिप्रेशन असेल तर बरं वाटल्यानंतर त्याच डोसवर किमान सहा ते नऊ महिने काढायचे असतात, कारण परत येण्याचा धोका या काळात सगळ्यात जास्त असतो. तुमचं मोजमाप होळीपासून सुरू होतं, त्या हिशोबानं दिवाळीच्या आसपास हा विषय काढता आला असता. पण धाकट्याच्या बाळंतपणानंतरचे ते सात-आठ महिने मला सोडून देता येत नाहीत. तेही डिप्रेशनच असण्याची दाट शक्यता आहे, उपचाराविना उलगडलेलं. तसं असेल तर आत्ताचं हे दुसऱ्यांदा आलेलं डिप्रेशन, आणि दुसऱ्यांदा आलेल्यांना बरेच डॉक्टर दोन वर्षांपर्यंत गोळी चालू ठेवायला सांगतात. बाळंतपणाची ही गोष्ट जळगावच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर पुढच्या भेटीत नक्की सांगा, त्यावर सगळा हिशोब बदलतो.

गोळी चालू ठेवल्यानं किती फरक पडतो याचा एक चांगला अभ्यास इंग्लंडमध्ये झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक महिने-वर्षं गोळी घेणारी, बरी असलेली आणि सोडायचा विचार करणारी माणसं त्यात होती. अर्ध्यांची गोळी त्यांना कळू न देता हळूहळू बंद केली. वर्षभरात गोळी बंद झालेल्यांपैकी शंभरातल्या ५६ जणांना आजार परत आला, चालू राहिलेल्यांपैकी ३९ जणांना. मी हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचतो. गोळी आजाराला पुरतं रोखत नाही, पण धोका बराच कमी करते. आणि सोडलेल्यांपैकी ४४ जण वर्षभर ठीक राहिले, म्हणजे सोडणं अशक्य नाही. वेळ आली की तुम्हीही सोडू शकाल.

ती वेळ आली की साधारण असं करतात. १० वरून आधी ५, चार आठवडे. ठीक असेल तर ५ ची अर्धी, म्हणजे अडीच, पुन्हा चार आठवडे. मग आणखी कमी करून किंवा तिथून बंद. ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते आणि तिचे मेडिकलवर मिळणाऱ्या गोळी कापायच्या डबीनं नीट दोन तुकडे होतात. कॅप्सूल किंवा सावकाश विरघळणारी गोळी असेल तर मात्र ती कधीही मोडायची नाही, तुमची तशी नाही. बहुतेकांना वाटतं की निम्मा डोस केला म्हणजे अर्धं काम झालं. तसं नसतं. १० वरून ५ वर आलात तरी मेंदूतला परिणाम थोडासाच घटतो, कारण ५ मध्येही बराच भाग अडवलेला राहतो. मोठी घसरण असते ती शेवटच्या टप्प्यात, अडीचवरून शून्यावर येताना. म्हणून "आता काय, एवढीशीच तर गोळी आहे" म्हणून शेवटी घाई करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. शेवटची पायरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात सावकाश ठेवा. मध्ये करंट, भोवळ आली तर आधीच्या पायरीवर परत जा, दोन-तीन आठवडे थांबा आणि मग छोटं पाऊल टाका. एक दिवसाआड घेऊन कमी करण्याची पद्धत मला पटत नाही. त्यात अंगातलं प्रमाण एक दिवस वर, एक दिवस खाली होत राहतं आणि तुम्ही माहेरी भोगलं ते थोडं थोडं रोज भोगावं लागतं.

सोडायचा महिना विचारपूर्वक निवडा. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, कापूस विकायची धावपळ, घरात आजारपण, यातलं काही चालू असताना कमी करायला घेऊ नका. आणि मध्येच दिवस गेले किंवा तसा विचार असेल तर स्वतःहून गोळी टाकू नका, डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात डिप्रेशन उलटणं आईलाही धोक्याचं आणि बाळालाही, आणि त्या काळात कोणती गोळी चालते याची डॉक्टरांना चांगली माहिती असते.

पुढच्या वेळी माहेरी जाताना गोळ्या सोबत न्यायच्या आहेत, यात तडजोड नाही. पाकीट न्यायचं नसेल तर जेवढे दिवस राहणार त्यापेक्षा तीन-चार जास्त गोळ्या पट्टीतून कापून घ्या आणि पावडर-टिकलीच्या डबीत ठेवा. पट्टीतून सुट्या काढू नका, नाव आणि मुदत पट्टीवरच असते. लहान गावच्या मेडिकलवर ही गोळी हमखास मिळेल असं धरू नका, आणि चिठ्ठीशिवाय ती देतही नाहीत, म्हणून चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली तर रंग-आकार बदलेल. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच असेल तर हरकत नाही. एखादा दिवस विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसरा दिवस उजाडला असेल तर ती सोडून द्या आणि नेहमीची एकच घ्या.

वहिनीला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, ती तुमची खासगी गोष्ट आहे. घरात मात्र एका माणसाला सगळं माहीत असायला हवं. पत्रात यजमानांचा उल्लेख नाही. त्यांना माहीत नसेल तर पुढच्या तपासणीला सोबत न्या. आणि जमलं तर सासूबाईंनाही. "येडास्नी गोयी" म्हणणाऱ्या कितीतरी सासवा डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकल्यावर स्वतःच सुनेला रात्री गोळीची आठवण करू लागतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. त्यांची भीती सुनेच्या काळजीपोटीच असते, त्यांना माहिती मिळाली की ती बदलते.

हे त्या एका माणसासाठी. गोळी सुरू करताना, डोस बदलताना किंवा कमी करताना पहिले काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं. माणूस एका जागी बसेना, आतून तडफड होतेय म्हणू लागला, किंवा उलट झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बोलणं थांबेना, वारेमाप खर्च सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये पहिल्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष हवं. पण वय कितीही असो, मरणाचे विचार येऊ लागले तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मनोविकाराचा विभाग कुठे बसतो ते केसपेपरच्या खिडकीवर विचारा. आणि फवारणीचं औषध घराच्या पडवीत, कोठीत उघडं ठेवलेलं असेल तर ते आजच शेतातल्या खोलीत कुलपात जाऊ द्या, किल्ली यजमानांकडे. तुमच्या पत्रात तसलं काही नाही, तरी गोळी पुन्हा सुरू होतेय त्या पहिल्या महिन्यात एवढं करून ठेवा.